नात्यातून सुचवलेल्या स्थळाला पहिला निरोप कसा लिहावा

माझ्या थोरल्या दिरांच्या मुलीसाठी एक स्थळ सुचलं ते त्यांच्या चुलत बहिणीकडून. मुलीची ती आत्या, नाशिकला दिलेली. मुलगा तिच्या नणंदेचा, कोल्हापूरचा, म्हणजे ती त्याची मामी. एका बाजूला तिचं माहेर आणि दुसऱ्या बाजूला सख्खी नणंद. "दादा, मी ताईंच्या कानावर घातलंय, आता तुम्ही त्यांना लिहा," असा तिचा फोन आला आणि त्याच रात्री भाऊजींनी मजकूर लिहून मला वाचायला पाठवला. तो असा होता (नावं मी बदलली आहेत):

"नमस्कार साहेब. सुनंदाकडून आपल्या मुलाबद्दल समजले. स्थळ आम्हाला पसंत आहे. मुलीचा बायोडेटा, फोटो व पत्रिका सोबत पाठवत आहे. मुलाचा बायोडेटा, पत्रिका व पॅकेज कळवावे. मुलगी लाडाची आहे, लग्न आपल्या मनासारखे करून देऊ. येत्या रविवारी कोल्हापुरात काम आहे, तेव्हा घरी येऊ शकतो. आज-उद्यात कळवावे."

भाऊजी अतिशय सज्जन माणूस. एकही शब्द त्यांनी वाईट हेतूने लिहिला नव्हता. तरी हा निरोप गेला असता तर सर्वांत जास्त अवघडली असती ती सुनंदा, हे मी त्यांना सांगितलं आणि आम्ही तो चार दिवस थांबवला. त्या चार दिवसांत काय केलं आणि शेवटी काय लिहिलं, ते इथे क्रमाने सांगते. आमच्या घरात आणि ओळखीत अशी पत्रं आणि निरोप मी बरीच वर्षं लिहून देत आले आहे, त्यामुळे कुठे अडतं ते मला माहीत आहे.

निरोपाआधीचे दोन फोन

पहिला फोन, किंवा समोरासमोर बोलणं, आपल्याच मुलीशी. "आत्याने असं असं स्थळ सुचवलंय, विचारून पाहू का?" एवढं तिला विचारायचं आणि ती हो म्हणाली तरच पुढे जायचं. तिला न विचारता निरोप गेला, समोरून हो आलं आणि मग ती नाही म्हणाली, तर आपणच विचारलेल्या घराला आपणच नकार देण्याची वेळ येते. मुलाकडून निरोप जाणार असेल तर हेच मुलाला विचारायचं. पूर्वी पहिला निरोप मुलीकडूनच जायचा. आता दोन्हीकडून जातो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मजकूर दोन्हीकडून सारखाच राहतो.

दुसरा फोन मध्यस्थ नातेवाइकाला. इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. "विषय काढलाय" या दोन शब्दांत बऱ्याच शक्यता दडलेल्या असतात. सुनंदा नुसती म्हणाली असेल की माझ्या भावाची मुलगी लग्नाची आहे. किंवा नणंदेने आपणहून विचारलं असेल की तुमच्याकडे कुणी आहे का. किंवा बोलणं जेवताना ओझरतं झालं असेल आणि नणंदेच्या ते लक्षातही नसेल. म्हणून मी तिला थेट विचारलं, "वन्सं, तुम्ही नेमकं काय म्हणालात आणि ताई त्यावर काय म्हणाल्या?" तेव्हा कळलं की ताई म्हणाल्या होत्या, "मुलाच्या कानावर घालते, मग बघू." मुलाच्या कानावर गेलं की नाही, हे सुनंदाला ठाऊक नव्हतं. तिला आम्ही पुन्हा एकदा नणंदेशी बोलायला सांगितलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला: "मुलगा हो म्हणतोय. दादांनी लिहायला हरकत नाही असं ताई म्हणाल्या."

हे "लिहायला हरकत नाही" मिळेपर्यंत थांबायचं. समोरच्या घराला निरोपाची कल्पना असली पाहिजे. माझ्याच माहेरी एकदा हा टप्पा वगळला गेला. माझ्या भावासाठी एका मावशींनी स्थळ सांगितलं आणि आम्ही उत्साहाने त्याच दिवशी लिहिलं. त्या घरात तोवर काहीच बोलणं झालेलं नव्हतं. मावशींनी त्या घरचा नंबर परस्पर देऊन आम्हाला पुढे केलं असा त्यांचा समज झाला आणि मावशी व ते घर यांच्यात वर्षभर बोलणं तुटक राहिलं. चूक आमची होती, सोसावं मावशींना लागलं.

त्याच फोनवर नातेवाइकाला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. निरोप कुणाच्या नावे पाठवायचा? वडील असले तरी काही घरांत असे व्यवहार आई बघते, काही घरांत मोठे काका. वडील हयात नसतील तर मामा किंवा थोरला भाऊ. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं त्यांना चालेल का? काही ज्येष्ठांना असा विषय मोबाइलवर आलेला आवडत नाही, मग नातेवाइकाने निरोप वाचून दाखवावा किंवा सरळ कागदावर पत्र लिहावं. आणि सध्या त्या घरात काही अडचण, आजारपण, सुतक वगैरे नाही ना?

शेवटी तिला एक वाक्य सांगायचं, आणि ते मनापासून: "त्यांचा नकार आला तरी आम्हाला तुझ्याबद्दल किंवा त्यांच्याबद्दल काही वाटणार नाही. तसं त्यांनाही सांग." मध्यस्थाच्या मनावर खरा भार असतो तो नकार पोहोचवण्याचा. तो आधीच उतरवला की ती दोन्हीकडे मोकळेपणाने बोलू शकते.

एखादी गोष्ट अशी असते की तिच्यावरच पुढे जायचं की नाही ते ठरावं: आधीचा विवाह, मोडलेला साखरपुडा, कायम औषध लागणारा आजार. ती निरोपात लिहायची नाही, पण लपवायचीही नाही. मुलीच्या संमतीने ती मध्यस्थाने तोंडी सांगावी, आणि निरोपाच्या आधीच सांगावी. लेखी आलेली अशी माहिती कुठेही फिरते, आणि उशिरा कळलेली माहिती फसवणूक वाटते.

कुणी, कुणाला, केव्हा

निरोप बरोबरीच्या माणसाकडून बरोबरीच्या माणसाला जावा. वडिलांकडून वडिलांना, आईकडून आईला. मुलीने मुलाला किंवा मुलीच्या वडिलांनी थेट मुलाला लिहिलं, तर नात्यातून आलेल्या स्थळात घरची वडीलधारी मंडळी बाजूला पडतात. दोघांनी एकमेकांशी बोलायची वेळ पुढे येतेच, आणि ती लवकर यावी असंच माझं मत आहे, पण पहिल्या निरोपात नको.

फोनपेक्षा लेखी निरोप बरा. फोनवर अनोळखी माणसाला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर द्यावं लागतं आणि बहुतेक जण भिडेपोटी "हो हो, पाठवा ना" म्हणतात. मग ते शब्द परत घेणं त्यांना जड जातं. लिहिलेला निरोप घरात चौघांना वाचता येतो, मुलाला दाखवता येतो, विचार करता येतो.

वेळ साधी पाहावी. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहानंतर, चहा-नाश्ता उरकल्यावर पाठवलेला निरोप नीट वाचला जातो. रात्री दहानंतर पाठवलेला सकाळपर्यंत शंभर शुभेच्छांखाली जातो. पितृपक्षात बरीच घरं शुभकार्याचा विषय काढत नाहीत. तो पंधरवडा आपण मानत नसलो तरी समोरच्यांसाठी थांबावं. चातुर्मासात सहसा लग्नं होत नाहीत, पण बोलणी सुरू करायला बहुतेकांची हरकत नसते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात म्हणून आधी पाहणं सुरू होतंच.

मजकूर

चार दिवसांनी भाऊजींनी पाठवलेला निरोप हा:

"सन्माननीय श्री. … यांस,
स. न. वि. वि.

मी साताऱ्याहून … लिहीत आहे. आपल्याकडच्या सुनंदामामी या माझ्या चुलत भगिनी. मागच्या आठवड्यात त्यांनी सौ. ताईंपाशी आमच्या मुलीचा विषय काढला होता. त्यांच्याशी बोलूनच हे लिहीत आहे.

आमची मुलगी अमृता २७ वर्षांची आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून ती तीन वर्षांपासून पुण्यात एका औषध कंपनीत नोकरी करते. पुढेही नोकरी करण्याची तिची इच्छा आहे. तिला विचारूनच हा निरोप पाठवत आहे. आमचे मूळ गाव कराड तालुक्यात, अमृताचे आजोळ फलटणचे. मी शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. घरी आम्ही दोघे आणि धाकटा मुलगा.

आपल्या चिरंजीवांसाठी स्थळे पाहणे सुरू असेल आणि आपणा सर्वांना योग्य वाटले, तर अमृताचे परिचयपत्र पाठवावे का, एवढेच विचारायचे आहे. आपल्याकडे पत्रिका पाहत असल्यास तीही देऊ.

उत्तराची मुळीच घाई नाही. घरात सवडीने बोलून कळवावे. मला कळवले तरी चालेल, सुनंदामामींकडे सांगितले तरी चालेल. काही कारणाने पुढे जायचे नसेल, तर तेही निःसंकोच सांगावे. आमच्या मनात काही राहणार नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना नमस्कार.
आपला नम्र,
…"

आता यातली एकेक जागा पाहू.

"साहेब" गेलं आणि "सन्माननीय" आलं, कारण साहेब हा कचेरीतला शब्द आहे. "स. न. वि. वि." म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, बरोबरीच्या माणसाला लिहायचा मायना. समोर मुलाचे आजोबा असते तर "सा. न. वि. वि.", साष्टांग नमस्कार, लिहिला असता. "तीर्थरूप" हा आपल्या आईवडिलांसाठी, तो परक्या घराला नको. हा जुना मायना जमत नसेल तर साधं "नमस्कार" पुरेसं आहे, चुकीच्या मायन्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. "व्याही" हा शब्द मात्र चुकूनही नको, नातं अजून जुळायचं आहे. संपूर्ण निरोपात "आपण" ठेवा. मध्येच "तुम्ही" आलं की वाचणाऱ्याला ते जाणवतं.

मध्यस्थाचं नाव दुसऱ्याच वाक्यात आहे, आणि ते त्या घरात तिला जसं ओळखतात तसं. भाऊजींच्या तोंडी ती "सुनंदा", पण कोल्हापूरच्या घरातली मुलं तिला मामी म्हणतात. "सुनंदामामी" वाचल्याबरोबर माणूस कोणत्या बाजूचा हे त्यांना कळतं. "त्यांच्याशी बोलूनच" या शब्दांनी हेही स्पष्ट होतं की आपण परस्पर लिहिलेलं नाही.

मूळ गाव आणि आजोळ ही दोन नावं मी मुद्दाम घालायला लावली. आपल्याकडे स्थळाची चौकशी होते ती याच दोन धाग्यांवरून. कराडकडचं कोण आहे, फलटणला कोण दिलेलं आहे, असं करत चार दिवसांत त्यांना आपल्याबद्दल विचारता येईल असा माणूस सापडतो. ती चौकशी त्यांनी करावी असंच आपल्याला वाटलं पाहिजे. गोत्र, देवक, कुलदैवत हे परिचयपत्रात येईल, इथे नको.

मुलीबद्दल चारच वाक्यं आहेत आणि त्यांत एकही विशेषण नाही. "सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ" हे शब्द प्रत्येक परिचयपत्रात असतात आणि त्यांवरून कुणाला काही कळत नाही. उलट "पुढेही नोकरी करण्याची तिची इच्छा आहे" हे वाक्य कामाचं आहे. ज्या घराला ते चालणार नाही ते घर इथेच थांबेल, आणि ते दोघांच्याही हिताचं. रंग, उंची, पगार यांतलं काही लिहिलं नाही, आणि त्यांच्या मुलाचा पगारही विचारला नाही.

"लग्न आपल्या मनासारखे करून देऊ" हे वाक्य मी सर्वांत आधी काढलं. भाऊजींना म्हणायचं होतं की आम्ही मानपान सांभाळू. पण वाचणाऱ्याला त्यात देण्याघेण्याची सूचना दिसते. हुंडा देणं, घेणं आणि मागणं हे तिन्ही १९६१च्या कायद्याने गुन्हे आहेत, हा भाग आहेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की आपल्या मुलीबद्दलच्या पहिल्या निरोपात पैशाचा वास असू नये.

"स्थळ पसंत आहे" हेही काढलं. ज्यांना पाहिलं नाही ते पसंत कसं? असं वाचलं की समोरच्यांवर दबाव येतो, जणू आता निर्णय फक्त त्यांचाच उरला आहे. रविवारच्या भेटीचं काढलं, कारण घरी येतो म्हणणाऱ्याला आपल्यात कुणी नको म्हणत नाही.

फोटो आणि पत्रिका जोडल्या नाहीत. एकदा पाठवलेला फोटो कुणी कुणाला पुढे पाठवला यावर आपला ताबा राहत नाही. आपण तो आपल्याकडून डिलीट केला तरी ज्याने उतरवून घेतला त्याच्याकडे तो राहतोच. परिचयपत्र मागितलं गेल्यावर, मुलीने स्वतः निवडलेला फोटो घालून आणि त्यातून घरचा पूर्ण पत्ता वगळून पाठवावं. पत्रिकेचं तसंच. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ मागितल्यावर द्यावं, पण खरं द्यावं. मंगळ किंवा नाडी टाळण्यासाठी वेळ मागेपुढे करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते उघडकीस आल्यावर तुटलेली बोलणीही.

शेवटचा परिच्छेद बऱ्याच जणांना जास्तीचा वाटतो. "नकाराचं आपणच कशाला सुचवायचं?" असं भाऊजीही म्हणाले. पण नाही म्हणायची वाट मोकळी दिसली की लोक निर्धास्तपणे विचार करतात. वाट दिसली नाही की उत्तरच येत नाही, आणि मग अडकते ती मध्यस्थ.

पाठवण्याआधी हा मजकूर सुनंदाला फोनवर वाचून दाखवला. त्यातला "मागच्या आठवड्यात" हा शब्द तिने सुचवला. आधी "नुकताच" होता.

पाठवल्यानंतर

निळ्या खुणा दिसल्या तरी त्या फक्त वाचल्याच्या असतात. मुलगा पुण्यात, आईवडील कोल्हापुरात, आजी आणखी कुठे, एवढ्या सगळ्यांचं बोलणं व्हायला आठवडा सहज जातो. या काळात "निरोप पोहोचला का?" असं विचारू नये, सणाच्या शुभेच्छा पाठवून आठवणही करून देऊ नये. मुलाचं फेसबुक शोधून मित्रविनंती पाठवणं तर मुळीच नको.

पंधरा दिवस काहीच आलं नाही तर मध्यस्थाला एकदा विचारावं, तेही असं: "त्यांच्याकडे काही अडचण नाही ना? नसेल जमत तर तसं कळलं तरी पुरे." एकदाच. त्यावरही गप्प राहिले तर ते उत्तर समजावं.

नकार आपल्याकडे बहुधा नकार म्हणून येत नाही. "पत्रिका जुळत नाही," "मुलगा अजून एक वर्ष थांबतो म्हणतोय," "सध्या घराचं काम चालू आहे," असा येतो. कारण खरं आहे का, हे तपासत बसू नये. दुसऱ्या ज्योतिषाला दाखवा, छत्तीसपैकी अठरा गुण तर जुळतात, असं म्हणून पत्रिका परत पाठवणाऱ्यांनी समोरच्यांना दुसरं कारण शोधायला लावलेलं असतं. उत्तर लिहायचं ते एवढंच: "कळवल्याबद्दल आभारी आहे. आपल्या चिरंजीवांना मनापासून शुभेच्छा." आणि त्यानंतर मध्यस्थाला स्वतःहून फोन करून नेहमीसारखं, दुसऱ्याच विषयावर बोलायचं. तिला काळजी असते ती याच फोनची.

कोल्हापूरहून उत्तर आलं ते नवव्या दिवशी. मुलाच्या वडिलांनी भाऊजींना लिहिलं होतं: "आपला निरोप घरात सर्वांनी वाचला. परिचयपत्र जरूर पाठवावे, आमच्याकडूनही पाठवतो. पत्रिका आम्ही पाहत नाही." भाऊजी लगेच परिचयपत्र पाठवायला निघाले होते. मी म्हटलं, आधी सुनंदाला कळवा. त्यांनी फोन लावला तेव्हा ती देवळात होती. "दादा, मला ताईंनी अजून काही सांगितलं नाही," म्हणाली, आणि मग हसून, "बरं झालं तुम्ही आधी सांगितलंत. आता त्यांचा फोन आला की मला काही माहीत नाही असं होणार नाही." त्याच संध्याकाळी अमृताने फोटो निवडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परिचयपत्र गेलं, दोन ओळींच्या निरोपासह: "आपल्या उत्तराने आनंद झाला. परिचयपत्र सोबत पाठवत आहे. आपणही सवडीने पाठवावे."